‘काय भावा?’ला उत्तर कोणी द्यायचं?

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे, आम्ही पुण्यात राहतो. त्याचे मित्र घरी आले की ‘काय भावा’, ‘काय सीन’ असं त्यांचं चालू असतं. परवा दार मी उघडलं आणि सहज म्हणालो, ‘काय भावांनो, काय सीन?’ पोरं एकमेकांकडे बघून गप्प झाली, मग खोलीत जाऊन पोट धरून हसली. रात्री मुलगा म्हणाला, ‘बाबा, प्लीज परत असं बोलू नकोस.’ आता तर त्यांच्या ग्रुपवर माझा फोटो आणि ते वाक्य असं स्टिकर फिरतंय म्हणे. मला राग नाही आला. पण मी मोकळेपणानं वागायला गेलो, त्यात बिघडलं काय? आणि हे असं बोलायला या पोरांना शिकवतं कोण?

उत्तर:

मी भाषाविज्ञान शिकले आणि पुढे शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले. त्यामुळे आठवी ते बारावीची मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना कशी हाक मारतात, हे कान देऊन ऐकणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि खोडही. तुम्ही वापरलेल्या शब्दांत फार काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते उत्तरात. दारात उभ्या असलेल्या त्या पोरानं तुम्हाला काय उत्तर द्यायचं होतं?

त्याच्या जागी उभं राहून बघा. मित्रानं ‘काय भावा’ म्हटलं असतं तर तो ‘बोल भावा’ किंवा नुसतं ‘निवांत’ म्हणाला असता. मित्राच्या वडिलांना ‘बोल’ म्हणायची त्याची टाप नाही. ‘बोला भावा’ म्हणावं तर ते कुणीच म्हणत नाही, त्यालाच हसू येईल. ‘काही नाही काका’ म्हणावं तर तुमचा ‘भावा’ हवेतच लटकतो, आणि तुम्ही पुढे केलेला हात आपण झिडकारला असं त्याला वाटतं. म्हणजे तुम्ही त्याला अशा जागी आणून ठेवलंत की तिथून कुठलंही उत्तर चुकीचंच. अशा वेळी माणूस मित्राकडे बघतो आणि हसतो. ते हसणं तुमची टिंगल म्हणून सुरू झालं नसावं. उत्तर सापडलं नाही म्हणून ते आलं. टिंगल नंतरची, खोलीतली.

संभाषणाचा अभ्यास करणारे लोक म्हणतात की अभिवादन एकट्यानं पुरं होत नाही, ती जोडी असते. पहिलं वाक्य आलं की दुसरं त्याच तोलाचं यावं लागतं, आणि लगेच यावं लागतं. ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘नमस्कार’ला ‘नमस्कार’. ही अभिवादनं वरून खाली, खालून वर, दोन्हीकडे चालतात, कारण दोन्ही बाजूंना तेच वाक्य परत देता येतं. किशोरवयातल्या हाका तशा नसतात. त्या बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना द्यायच्या असतात आणि त्यांचं उत्तर फक्त बरोबरीचाच देऊ शकतो. किंबहुना आपण बरोबरीचे आहोत का, हे दिवसातून दहा वेळा तपासून घ्यायला त्या असतात.

इथे एक शंका येईल. तुमचा मुलगा तर तुम्हाला ‘तू’ म्हणतो, मग बरोबरी आहेच की. पण घरातला ‘तू’ हा जिव्हाळ्याचा असतो, आईलाही तोच असतो आणि आजीलाही. त्यात बरोबरी गृहीत नसते. तुम्हाला ‘बाबा, तू’ म्हणणारा मुलगा ‘काय रे बाबा’ असं म्हणेल का? लाडात येऊन कधी म्हणेलही, पण मित्रांसमोर नाही. आणि त्याच्या मित्रांशी तुमचं नातं ‘काका, तुम्ही’ असं आहे. त्या दिवशी दारात मित्र होते.

आता थोडं ‘परिस्थितीवर अवलंबून’वालं. तुम्ही पुण्यातले आहात म्हणून हे सगळं लागू होतं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे ‘भावा’ ही पोरांची खास भाषाच नाही. तिथं पन्नाशीचा दुकानदार गिऱ्हाइकाला ‘काय भावा, काय देऊ?’ म्हणतो आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. तुम्ही मूळचे तिकडचे असता आणि घरात, फोनवर, भाजीवाल्याशी असंच बोलत असता, तर तुमच्या तोंडी तो शब्द पोरांना नवा वाटलाच नसता. विदर्भात ‘काय बे’चं तसंच आहे. मोठी माणसंही आपल्या दोस्तांना ‘बे’ म्हणतात, पण तेवढ्यावरून मुलानं काकाला ‘बे’ म्हणावं असं कुणी मानत नाही. वयाचं अंतरही महत्त्वाचं. बावीस-तेवीस वर्षांचा मामेभाऊ हेच वाक्य बोलला असता तर कदाचित खपून गेलं असतं, कारण त्याला उत्तर देता येतं. आणि घरात तुम्ही दोघंच असताना तुमच्या मुलाशी अशी थट्टा करणं ही तर सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. ती बऱ्याच घरांत छान चालते, कारण तिथं बघायला कुणी नसतं.

‘शिकवतं कोण’ हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. सगळ्यांना वाटतं रील्स शिकवतात. रील्समुळे शब्द कानावर पडतो हे खरं. पण कानावर पडलेले शंभर शब्द पोरं सोडून देतात आणि एखादाच तोंडात घेतात. कुठला घ्यायचा, हे पडदा ठरवत नाही, ओळखीचं माणूस ठरवतं. याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलं आहे, ते जरा सविस्तर सांगते.

पुण्याच्या उपनगरातल्या एका शाळेत नववीत जूनमध्ये इचलकरंजीहून एक मुलगा आला. त्याच्या बोलण्यात ‘विषय’ हा शब्द सारखा यायचा. तिकडे ‘विषय हार्ड’, ‘विषयच नाय’, ‘विषय संपला’ असं लोक सहज बोलतात. हा वर्गात शिरताना बाकावरच्या मुलाला म्हणायचा, ‘काय विषय?’ आणि कुणी त्याला विचारलं तर उत्तर द्यायचा, ‘निवांत.’

पहिला महिनाभर वर्ग त्याला हसला. मुलं त्याच्यासारखा हेल काढून, शब्द ओढून ‘काऽऽय विषऽऽय’ करायची. यात चिडवणं होतंच, पण हीच बहुतेक नव्या हाकांची पहिली पायरी असते. नक्कल करताना तोंडाला वळण पडतं. शिवाय चिडवण्याच्या आवरणाखाली शब्द वापरून बघायला काही धोका नसतो. कुणी काही म्हटलं तर ‘मी चिडवत होतो’ म्हणून सुटता येतं.

वळण लागलं ते कबड्डीच्या सरावात. मुलगा चढाईला चांगला होता आणि सकाळच्या सरावाला वेळेवर यायचा. संघातल्या दोघांनी त्याच्या ‘काय विषय?’ला हेल न काढता, सरळ ‘निवांत’ म्हणायला सुरुवात केली. हे मला महत्त्वाचं वाटलं. आधी उत्तर उचललं गेलं, हाक नंतर. हाक मारणं म्हणजे आपण होऊन पुढाकार घेणं. ती झेलली गेली नाही तर पचका होतो. उत्तर देण्यात तो धोका नाही. त्यानंतर मी बाकीच्या वर्गांतही याकडे लक्ष द्यायला लागले, आणि पुष्कळदा क्रम असाच दिसला.

संघातून ती हाक वर्गात आली, पण शाळेबाहेर नेली ती संघातल्या कुणी नाही. वर्गात एक मुलगा होता, ना फार लोकप्रिय ना एकटा. तो संध्याकाळी ज्या क्लासला जायचा तिथे तीन शाळांची मुलं येत, आणि रविवारी तो सोसायटीतल्या वेगळ्याच पोरांबरोबर क्रिकेट खेळायचा. त्यानं ‘काय विषय’ दोन्हीकडे नेलं. तिकडे इचलकरंजीचा मुलगा कुणाला माहीतच नव्हता, त्यामुळे हेलही गेला आणि चिडवणंही. उरली फक्त एक नवी, चटपटीत हाक.

समाजशास्त्रात याला आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की नवी माहिती जिवलग दोस्तांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलग दोस्तांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. लेस्ली आणि जेम्स मिलरॉय यांनी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या कामगार वस्त्यांत भाषेचा अभ्यास केला. घट्ट विणीच्या गटात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथं जुनी बोली टिकून राहते, असं त्यांना दिसलं. पुढे त्यांनी असं मांडलं की नवं काही येतं ते गटांच्या कडेला असलेल्या सैल धाग्यांवरून. शाळेच्या भाषेत सांगायचं तर क्लास, स्कूलव्हॅन, मैदान आणि आजोळची सुट्टी हे ते धागे. तुमच्या मुलाच्या ग्रुपमध्ये एखादा शब्द कुठून आला हे शोधायचं असेल तर सगळ्यात बोलक्या मुलाला विचारू नका. दोन ग्रुपमध्ये ये-जा करणारा मुलगा शोधा.

पुढे गंमत झाली. दिवाळीच्या आसपास स्कूलव्हॅनमधल्या दोन मुलींनी ती हाक उचलली आणि तिचा ‘काय’ टाकून दिला. भुवई उंचावून नुसतं ‘विषय?’ आणि उत्तर तर ‘नि’वर आलं. पाठोपाठ मुलांनीही तेच रूप घेतलं, आणि जो अजून पूर्ण ‘काय विषय, निवांत’ म्हणत होता तो मागे पडलेला ठरला. हाक जितकी झिजलेली, तितकी ती आतली. पूर्ण वाक्य बोलणं हे नवख्याचं लक्षण असतं. आठवीची काही मुलं कॉरिडॉरमध्ये नववीच्या मुलांना मोठ्यानं ‘काय विषय!’ म्हणायला लागली, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, ‘मोठा झालास का रे?’

हा आठवीतला पोरगा आणि तुम्ही एकाच नावेत आहात, हे लक्षात घ्या. वयानं मोठं असण्याची ही शिक्षा नाही. ही हाक आपण आपल्याला बहाल करू शकत नाही. समोरच्यानं तिला तोलाचं उत्तर दिलं तरच ती आपली होते. आठवीवाल्याला ते मिळालं नाही, कबड्डीतल्या दोघांनी इचलकरंजीच्या मुलाला ते दिलं.

शेवट कसा झाला, तर जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात. निवेदनाची संहिता शिक्षकांनी तपासली होती आणि तिच्यात कुणीतरी हौसेनं घातलं होतं, ‘काय विषय, पब्लिक?’ निवेदक मुलानं ते माइकवर म्हटलं, पहिल्या रांगेत पालक हसले, टाळ्या पडल्या. त्यानंतर आठवडाभरात वर्गातून ती हाक गेलीच. राहिली ती एकमेकांना टोमणा मारण्यापुरती, कुणी जास्त शहाणपणा केला की, ‘काय विषय, पब्लिक?’ एक मुलगा मात्र ती तशीच वापरत राहिला. इचलकरंजीचा. त्याच्यासाठी ती कधी फॅशन नव्हतीच, ते त्याचं घरचं बोलणं होतं.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडलं होतं. डिसेंबर १९९९ मध्ये बडवायझर बिअरची एक जाहिरात टीव्हीवर आली. काही दोस्त एकमेकांना फोन करतात आणि जीभ बाहेर काढून, लांब ओढून ‘वाझाऽऽप’ ओरडतात, एवढीच ती जाहिरात. ही हाक जाहिरात कंपनीनं घडवली नव्हती. चार्ल्स स्टोन हा दिग्दर्शक आणि त्याचे जुने कृष्णवर्णीय मित्र आधीची कित्येक वर्षं आपापसात असेच बोलत. त्यानं त्यावर एक लघुपट केला, तो बघून जाहिरात झाली आणि त्यातल्या बहुतेक मित्रांनीच तिच्यात काम केलं. २००० साली तिला फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मग ऑफिसातले साहेब, टीव्हीवरचे निवेदक, लग्नातले काका सगळेच जीभ बाहेर काढायला लागले. आज तिकडे कुणी ती हाक मारली तर ‘त्या काळातली गंमत’ म्हणूनच मारतो. मित्रांच्या टोळक्यात ती वर्षानुवर्षं टिकली होती. सगळ्यांची झाल्यावर थोड्याच काळात संपली. कारण सरळ आहे. जी हाक कुणीही मारू शकतो, ती ‘तू आमच्यातला’ हे सांगू शकत नाही, आणि पोरांना तिच्याकडून तेवढंच काम हवं असतं.

यावरून मोठ्यांची आणखी एक अडचण कळते. आपल्याला हे शब्द उशिरा पोचतात. मुलं मोठ्यांसमोर त्यातले सौम्य आणि जुने झालेलेच बोलतात. तुमच्या घरात मोकळेपणानं ऐकू येतंय म्हणजे ‘काय भावा’ आता त्यांच्यात साधं झालं आहे. त्यांची आताची खास हाक कुठली, हे तुम्हाला बहुधा माहीत नाही, आणि तुमचा मुलगा सांगणारही नाही.

आता तुमच्या वाक्याकडे येते. त्यात बारीक बारीक तीन गोष्टी होत्या ज्या पोरांच्या कानाला लगेच टोचल्या असणार. एक म्हणजे ‘भावांनो’. ही मुलं चार जण भेटले तरी एकदम सगळ्यांना हाक मारत नाहीत. एकेकाला, हाताला हात लावत किंवा हनुवटी जराशी वर करत, ‘काय भावा’ असं म्हणत जातात. अनेकवचनातलं ‘भावांनो’ त्यांनी ऐकलेलं असतं ते सभेतल्या पुढाऱ्याकडून नाहीतर यूट्यूबवर व्हिडिओ सुरू करणाऱ्याकडून. तुम्ही त्यांना त्या क्षणी भाषण सुरू केल्यासारखे वाटलात. दुसरं म्हणजे दोन हाका एकामागोमाग लावल्यात, ‘भावांनो’ही आणि ‘सीन’ही. मुलं एकच वापरतात, आणि तीही अर्धी गिळून. आणि तिसरं, तुम्ही बहुधा ते हसऱ्या चेहऱ्यानं, स्पष्ट उच्चारात म्हणालात.

या तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबते, कारण बहुतेक पालकांना ती अन्याय्य वाटते. अमेरिकन मुलांच्या ‘ड्यूड’ या हाकेवर स्कॉट कीसलिंग या भाषावैज्ञानिकाचा २००४ सालचा निबंध आहे. त्यात ते म्हणतात की या शब्दानं तरुण मुलं एकाच वेळी दोन गोष्टी साधतात. जवळीक दाखवतात आणि फार जवळीक नाही, हेही दाखवतात, वर ‘मला काही पडलेली नाही’ असा एक बेफिकीर सूर राखतात. आपल्या ‘भावा’चं काम मला अगदी असंच दिसतं. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्राला ‘तू आलास, बरं वाटलं’ असं म्हणता येत नाही, जीभच रेटत नाही. मग तो फोनमधून मान वर न करता ‘काय भावा’ म्हणतो, आणि मित्राला बरोबर पोचतं. म्हणूनच आता मुलीही एकमेकींना सर्रास ‘भावा’ म्हणतात. नात्याचा अर्थ उडून गेलाय, सूर तेवढा राहिलाय.

हा सूर प्रयत्न दिसला की मोडतो. आणि मोठा माणूस असं बोलतो तेव्हा त्यामागचा प्रयत्न दिसल्यावाचून राहत नाही. तुम्हाला ती मुलं आवडतात, त्यांनी घरी यावं असं वाटतं, हे तुमच्या चेहऱ्यावर होतं. ते चांगलंच आहे. फक्त ‘भावा’ हा शब्द नेमका ते झाकण्यासाठी बनलेला आहे. भावना उघडी आणि शब्द झाकण्याचा, असा तो मेळ बसला नाही.

मग मोठ्यांनी उचललेलं कधीच चालत नाही का? चालतं, पण फार थोड्या वेळा, आणि त्या वेळा ओळखता येतात. हाक मुलांनी आधी तुम्हाला दिली असेल तर तिला उत्तर द्यायला हरकत नाही. आमच्याकडे खो-खोच्या एका प्रशिक्षकांना मुलं मैदानावर ‘काय सर, विषय?’ म्हणायची आणि ते चेहऱ्यावरची रेषही न हलवता ‘चार फेऱ्या’ म्हणायचे. मुलं खूश. त्यांनी मुलांचा शब्द घेतलाच नाही, पण हाक झेलली. तसंच, मोठ्यानं उघड उघड स्वतःची खिल्ली उडवत म्हटलं तर एखाद्या वेळी खपतं. दुसऱ्यांदा नाही.

आपलं चाललं की फसलं हे ओळखायचं कसं, असं पालक मला विचारतात. मी तीन गोष्टी बघते. उत्तर लगेच आलं की मध्ये एक श्वास गेला? उत्तर दिल्यावर मुलगा तुमच्याकडे बघत राहिला की चटकन दुसऱ्या मुलाकडे बघितलं? आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे, तोच मुलगा जिन्यात एकटा भेटला तर तुम्हाला ती हाक आपण होऊन देतो का? चौघांत मोठ्यानं ‘काय भावा काका!’ म्हणणारा पोरगा एकटा असताना मान खाली घालून ‘नमस्ते काका’ म्हणत असेल, तर पहिलं ते नाटक होतं आणि प्रेक्षक तुम्ही नव्हता.

एक उलटी दिशाही आहे, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. शाळेच्या फाटकावरचे एक शिपाईमामा लहानमोठ्या प्रत्येकाला ‘काय पैलवान!’ म्हणत. काडीसारख्या मुलालाही पैलवान, मुलींनाही पैलवान. उत्तर ठरलेलं नव्हतं, नुसतं हसलं किंवा ‘हो मामा’ म्हटलं तरी चाले. बघता बघता दहावीची मुलं आपापसात ‘काय पैलवान’ म्हणायला लागली. मामांनी त्यांचं काही उचललं नव्हतं. मुलांनी त्यांचं उचललं. आपल्या पिढीतही हे असंच चालायचं. कॉलेजात आम्ही ‘काय बॉस’, ‘काय गुरू’ म्हणायचो, किंवा सरळ आडनावानं ‘काय कुलकर्णी?’ यातलं काही ना काही कुठल्या तरी कँटीनवाल्याकडून, कंडक्टरकडून, कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून आलेलं असणार.

तेव्हा दारात काय म्हणायचं, याचं माझं उत्तर साधं आहे. तुमच्या वयाचं, तुमच्या तोंडात बसलेलं आणि ज्याला मुलाला अडखळल्याशिवाय उत्तर देता येईल असं काहीतरी. ‘या मंडळी, जेवलात का?’ याला ‘हो काका’ हे तयार उत्तर आहे. नाव किंवा आडनाव घेऊन विचारलंत तर आणखी चांगलं, कारण नावानं बोलावलेल्या मुलाला आपण ‘अमक्याचा मित्र’ यापलीकडे कुणीतरी आहोत हे कळतं. आणि जे काही म्हणाल ते दर वेळी तेच म्हणा. मुलांना मोठ्यांचं ठरलेलं बोलणं आवडतं, त्याची नक्कलही ती आवडीनं करतात. पंधरा दिवसांनी तुमचा मुलगा आपल्या मित्रासाठी दार उघडताना तुमच्या आवाजात ‘या मंडळी’ म्हणाला, तर नवल वाटून घेऊ नका.

झाल्या प्रकाराचं मुलाशी स्पष्टीकरण मात्र देत बसू नका. ‘मी तर सहज म्हणालो’ ही चर्चा त्याला त्या प्रसंगापेक्षा जास्त लाजवेल. त्यानं तुम्हाला एकांतात, ‘प्लीज’ म्हणून सांगितलं, मित्रांसमोर नाही. ‘बरं’ एवढं म्हणून सोडा.

राहिलं स्टिकर. स्टिकरमागे दुष्टपणा असेलच असं नाही, पण त्यावर तुमचा फोटो आहे, आणि ग्रुपमधलं कुठलंही स्टिकर एका बोटानं दुसऱ्या ग्रुपमध्ये जातं. तुम्हाला चालत असेल तर काहीच करू नका, परीक्षेच्या धामधुमीत ते मागे पडेल. चालत नसेल तर मुलाला तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ते हसत न सांगता सरळ सांगा, ‘माझा फोटो असलेलं ते स्टिकर काढायला सांग.’ ते कोणी बनवलं हे त्याला नक्की माहीत असेल. बहुतेक त्यानंच बनवलेलं असेल.